अंजिरावरची पांढरी पूड: साखर की बुरशी?

श्रावण लागला की किराणा दुकानात एक तक्रार हमखास येते. उपवासासाठी नेलेल्या खजुरावर पांढरे ठिपके असतात, अंजिराच्या माळेवर पिठासारखी पूड बसलेली असते, नाहीतर बेदाण्याचा पुडा उघडावा तर आत एकच चिकट गोळा निघतो. गिऱ्हाईक म्हणते, बुरशी आली. दुकानदार म्हणतो, अहो, साखर धरली आहे. दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकते, आणि कधीकधी दोघेही एकाच वेळी बरोबर असतात. भांडण मिटत नाही, कारण दोघेही रंगावरून वाद घालतात आणि पांढरा रंग इथे फारसे काही सांगत नाही. विचारायचा प्रश्न पाण्याचा असतो: या फळातले पाणी कुठून कुठे गेले?

आधी साखरेची बाजू पाहू. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडते, साखर मागे राहते. द्राक्षात आणि अंजिरात ही साखर मुख्यतः दोन प्रकारची असते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि दोघींचे प्रमाण साधारण सारखे असते. विरघळण्याच्या बाबतीत मात्र दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात ग्लुकोज नव्वद ग्रॅमच्या आसपास विरघळते, तर फ्रुक्टोज त्याच्या चौपट. म्हणजे फळ वाळत जाते तसे आतल्या पाकात ग्लुकोजला जागा कमी पडते आणि ते खड्यांच्या रूपात बाहेर पडू लागते. फ्रुक्टोज मात्र पाकातच राहते. थंडीत बाटलीतला मध गोठतो तेव्हा तळाशी जो रवाळ थर दिसतो, तो याच ग्लुकोजचा. अंजिराच्या सालीवरची पांढरी पूड आणि मधातला रवा ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत.

खड्याला सुरू व्हायला काहीतरी आधार लागतो. सालीची सुरकुती, ओरखडा, देठाची खाच, आधीच तयार झालेला एखादा बारीक कण, काहीही चालते. म्हणून साखर फळावर सारखी पसरत नाही. बेदाण्यात ती सुरकुत्यांच्या तळाशी दिसते, अंजिरात देठाजवळ आणि चेपलेल्या कडांवर. खजुरात तर ती पुष्कळदा सालीच्या आतच धरते आणि बाहेरून फिकट, कडक डागासारखी दिसते.

खजुराच्या बाबतीत जातीचा मोठा फरक पडतो, आणि हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या ‘देग्लेत नूर’मध्ये उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, भरपूर असते. ‘मेजूल’, ‘बरही’ किंवा इराणच्या बाम भागातला ‘मजाफती’ या मऊ जातींत फळ पिकताना सुक्रोज फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. (आपल्याकडे काळ्या डब्यातून ‘किमिया’ म्हणून जो ओलसर खजूर मिळतो, तो हाच मजाफती.) साखरेचे पांढरे डाग हा या दुसऱ्या गटाचा दोष. साठवण जितकी लांब आणि जितकी उबदार, तितके डाग वाढतात. हलके गरम केले तर ते विरघळतात, पण पुन्हा येऊ शकतात. आंतरराष्ट्रीय खाद्यमानकांतही हे दोन गट वेगळे धरलेले आहेत. कोडेक्सच्या मानकात सुक्रोजवाल्या खजुराला 26 टक्के ओलावा चालतो, तर दुसऱ्या गटाला 30 टक्के.

हे आकडे पाहून कोणालाही शंका येईल. तीस टक्के पाणी असलेले फळ महिनोन्‌महिने कसे टिकते? ओलसर पोळी तर दोन दिवसांत बुरसटते. उत्तर असे की फळात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे हे महत्त्वाचे. साखरेने धरून ठेवलेले पाणी बुरशीला घेता येत नाही. अन्नशास्त्रात या मोकळेपणाला शून्य ते एक अशी मोजपट्टी आहे. शुद्ध पाणी म्हणजे एक. 0.60 च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. 0.61 च्या पुढे साखरेची चटक असलेल्या मोजक्या बुरशी आणि यीस्ट हळूहळू हातपाय पसरतात. ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ या विषारी बुरशीला वाढायला साधारण 0.80 लागते. नीट वाळवलेला बेदाणा, ज्यात कोडेक्सप्रमाणे 18 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा, तो 0.60 च्या आसपास असतो. म्हणजे सुक्या मेव्याची सुरक्षितता ही एका अरुंद कठड्यावर उभी आहे, आणि हवेतली ओल तिला त्या कठड्यावरून ढकलू शकते.

यातून चिकटपणाचाही उलगडा होतो. फ्रुक्टोज हवेतली वाफ फार लवकर ओढते. हवेची आर्द्रता साधारण 62–63 टक्क्यांच्या वर गेली की कोरडी फ्रुक्टोज स्वतःहून ओली होऊ लागते. सुक्रोजला त्यासाठी 85 टक्क्यांपर्यंत आर्द्रता लागते. रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीच्या जुलैत हवा दिवसचे दिवस याही वर असते. तेव्हा उघड्या बरणीतला बेदाणा चिकटणे ही कोकणातल्या पावसाळ्यात जवळपास अटळ गोष्ट आहे. शिवाय सगळा चिकटपणा हवेमुळे येतो असेही नाही. चमक यावी म्हणून खजुरावर ग्लुकोजचा पाक चढवतात आणि बेदाणे सुटे राहावेत म्हणून त्यांना खाद्यतेलाचा हात लावतात. लगद्यासारखा दाबून विकतात तो खजूर तर मुळातच चिकट असतो. नुसता चिकटपणा हा बिघाडाचा पुरावा नाही. चिकटपणाला आंबूस किंवा दारूसारखा वास येत असेल, पाकीट फुगलेले असेल, फळ दाबल्यावर बारीक बुडबुडे दिसत असतील, तर मात्र आत यीस्टने आंबवायला सुरुवात केली आहे आणि तो माल गेला.

सांगली-तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण घेतले तर ही पाण्याची ये-जा डोळ्यांसमोर येते. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला हंगाम. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा जातींचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर तेल, म्हणजे इथाइल ओलिएट, हे रूढ प्रमाण. द्राक्षाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, जो पाणी बाहेर जाऊ देत नाही. द्रावणाने त्या थराची घडी विस्कटते आणि वाट मोकळी होते. मग घड शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात आणि सावलीत, वाऱ्यावर, साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरीही देतात, आणि तिचा बुरशीवरही थोडा वचक राहतो.

धोका याच दोन आठवड्यांत असतो. द्राक्ष अर्धवट सुकलेले असताना त्यात साखर भरपूर असते, पण मोकळे पाणीही पुरेसे असते. या मधल्या काळात अवकाळी पाऊस आला, शेडमध्ये दमट हवा कोंडली, मणी फुटून रस गळला, की काळी बुरशी बसते. ‘अॅस्परजिलस कार्बोनारियस’ ही त्यातली वाईट. ती ऑक्राटॉक्सिन नावाचे मूत्रपिंडाला घातक विष बनवते. आणि तिचा रंग काळा आहे, पांढरा नाही. गिऱ्हाईक पांढऱ्यावर डोळा ठेवून असते, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे.

तयार माल 15 किलोच्या बॉक्समधून शीतगृहात जातो. आता समजा, असा एक बॉक्स चार अंश तापमानातून जुलैच्या दुपारी बाहेर काढला. बाहेर 27 अंश, आर्द्रता 80 टक्के. अशा हवेतली वाफ 23 अंशांच्या आसपास थंड पृष्ठभाग मिळाला की लगेच पाणी होऊन बसते. बेदाणा अजून पाच-सहा अंशांवर आहे. बॉक्स लगेच उघडला तर मण्यांना दव धरते, थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून धरावे तसे. हे पाणी थोडे असते, पण ते नेमके सालीवर बसते आणि सालीपुरता मोकळेपणा झपाट्याने वाढवते. दुकानदाराने तो माल तसाच पिशव्यांत भरून सील केला, तर आठ-पंधरा दिवसांत खरीखुरी बुरशी येऊ शकते. चिकटतोय म्हणून पंख्याखाली पसरला, तर सालीवरच्या पातळ पाकातले पाणी उडून ग्लुकोजचे खडे मागे राहतात, आणि महिनाभराने तोच बेदाणा पांढरा दिसतो. एकाच चुकीला दोन शेवट. उपाय साधा आहे आणि व्यापारातल्या जुन्या लोकांना तो ठाऊक असतो: बॉक्स बंदच ठेवून एक रात्र आणि शक्यतो पुढचा दिवस बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच उघडायचा. घरी फ्रिजमधून काढलेल्या खजुराच्या डब्यालाही हाच नियम लागू आहे. डबा पुन्हापुन्हा उघडून टेबलावर ठेवणारे घर स्वतःच त्यावर पाणी शिंपडत असते.

साखर निरुपद्रवी असते, हे खरे, पण त्यात एक पोटनियम आहे. मधाच्या अभ्यासकांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे. ग्लुकोजचे खडे बाहेर पडले की उरलेल्या पाकातली साखर कमी होते, म्हणजे पाक पातळ होतो आणि त्यातले पाणी थोडे अधिक मोकळे होते. म्हणूनच गोठलेला मध कधीकधी आंबतो. ओलसर अंजीर किंवा मऊ खजूर यांनाही हे तर्काने लागू पडते. आज नुसती साखर धरलेला माल दमट जागी आणखी दोन महिने राहिला तर उद्या बुरसणार नाही, याची हमी ती साखर देत नाही.

आता ओळखायचे कसे? पहिले काम उजेडाचे. खिडकीपाशी, शक्य तर भिंगाखाली, फळ तिरपे धरून पाहावे. साखर चमकते, तिला कडा असतात, ती सालीला चिकटून सपाट बसलेली असते. बुरशी उजेड पिते. तिच्यात तंतू दिसतात, ती सालीपासून उंच उठलेली असते, आणि पुष्कळदा एका गोल ठिपक्यातून बाहेर पसरलेली असते. मध्यभागी हिरवट, राखाडी किंवा काळा रंग दिसला तर वाद संपला. बोटाने चोळले तर साखर रवाळ लागते, बुरशी मऊ पडते आणि पुसली जाते.

दुसरे काम कोमट पाण्याचे. पांढऱ्या जागेवर एक थेंब ठेवून मिनिटभर थांबायचे. साखर विरघळते आणि खालची साल स्वच्छ दिसते. बुरशी विरघळत नाही, ओली होऊन चिकटून राहते किंवा थेंबावर तरंगते. ही परीक्षा चांगली आहे, पण तिला दोन अपवाद आहेत. बेदाण्यात टार्टारिक आम्लाचा एक क्षार असतो, तोही कधीकधी वाळूसारख्या कणांत बाहेर पडतो आणि दाताखाली कचकचतो. थंड पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच, मात्र उकळत्या पाण्यात त्याच्या दसपट विरघळतो. तेव्हा न विरघळणारा पण कठीण, कोनेरी कण म्हणजे बुरशी नव्हे. दुसरा अपवाद पिठाचा. अंजिरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काही ठिकाणी त्यांना तांदळाचे पीठ चोळतात, आणि तेही पाण्यात विरघळत नाही. औषधाच्या दुकानातल्या आयोडिनचा थेंब टाकला की पीठ निळे-काळे पडते. ते अंजीर मग अर्थातच खायचे नाही.

आणखी एक नक्कल किड्यांची असते. सुक्या मेव्यावरच्या पतंगाची अळी रेशमासारखे धागे विणते आणि त्यात विष्ठेचे बारीक दाणे अडकतात. लांबून पाहिले तर हुबेहूब बुरशी. फार जुन्या, ओलसर अंजिरावर कोळ्याच्या जातीचे सूक्ष्म किडेही होतात, पिठासारखेच दिसणारे. काळ्या कागदावर थोडी पूड झटकून पाच मिनिटे बघत राहायचे. पूड चालायला लागली तर ती साखर नाही.

इतके सगळे केल्यावर गिऱ्हाईक निश्चिंत होते, आणि अंजिराच्या बाबतीत नेमके तेव्हा ते चुकते. कारण अंजिरातला सर्वांत गंभीर दोष बहुधा पांढरा नसतो आणि बाहेरही नसतो. अंजीर हे आत पोकळी असलेले फळ, खाली बारीक छिद्र असलेले. त्या छिद्रातून किडे जातात, त्यांच्याबरोबर बुरशीचे बीजाणू जातात. बाहेरून सोनेरी, देखणे दिसणारे अंजीर फोडले की आत काजळीसारखी काळी भुकटी निघते. ती ‘अॅस्परजिलस नायजर’ची. त्याच पोकळीत ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ वाढली तर अफ्लाटॉक्सिन तयार होते. यकृताच्या कर्करोगाशी याचा संबंध पक्का सिद्ध आहे, आणि शिजवून किंवा धुऊन ते जात नाही.

तुर्कस्तानात आयदन प्रांतात, ब्युयुक मेंदेरेस नदीच्या खोऱ्यात, ‘सारीलोप’ जातीचे अंजीर पिकते. सुक्या अंजिराच्या जागतिक व्यापारात या खोऱ्याचा वाटा फार मोठा. तिथे फळ झाडावरच सुरकुतते, आपोआप खाली पडते, मग गोळा करून उन्हात पूर्ण वाळवतात. हा अर्धवट सुकण्याचा काळ म्हणजे बेदाण्याच्या शेडमधल्या धोक्याचीच आवृत्ती, फक्त इथे शेड म्हणजे झाड आणि रॅक म्हणजे जमीन. म्हणजे विष पुष्कळदा बागेतच तयार झालेले असते. गोदामात पोहोचेपर्यंत फळ कोरडे होते, बुरशी थांबते, विष मात्र राहते. म्हणून निर्यातीच्या कारखान्यांत अंधाऱ्या खोल्या असतात. पट्ट्यावरून अंजिरे सरकत जातात, वर 365 नॅनोमीटरचे अतिनील दिवे असतात, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या कामगार, बहुतेक स्त्रिया, हिरवट-पिवळे चमकणारे फळ वेचून काढतात. चमकते ते विष नव्हे. ही बुरशी कोजिक आम्ल बनवते, फळातल्या विकरांमुळे त्याचे जे रूपांतर होते ते चमकते. त्यामुळे निवड अचूक नसते: काही चमकणारी अंजिरे निर्दोष निघतात, काही न चमकणारी दूषित असतात. तरीही सगळ्या ढिगातले बरेचसे विष अशा मोजक्या फळांत एकवटलेले असल्याने ती वेचण्याचा फायदा मोठा आहे. युरोपीय संघाची मर्यादा सुक्या अंजिरासाठी किलोमागे एकूण 10 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन अशी आहे. हजार टन अंजिरांत दहा ग्रॅम, असा त्याचा हिशेब. नोटा तपासायचा दिवा घरी अंजिरावर धरून समाधान मानण्यात अर्थ नाही. अतिनील प्रकाशात इतरही कितीतरी गोष्टी चमकतात, आणि प्रयोगशाळेशिवाय आकडा कळत नाही.

घरी करण्यासारखे एवढेच की अंजीर आणि खजूर अख्खे तोंडात टाकायचे नाहीत. फोडून, आत पाहून खायचे. खजुरात बीभोवती आणि देठाच्या टोपीखाली काळी भुकटी, अळीचे दाणे किंवा आंबलेला गर दिसतो तो असा फोडल्यावरच. लहान मुलांसाठी खजुराची पेस्ट करताना तर प्रत्येक खजूर उघडलाच पाहिजे, कारण मिक्सरमध्ये एका खराब फळाचा पुरावा नाहीसा होतो.

बुरशी नक्की असेल तर काय? पांढरा भाग खरवडून उरलेले फळ खाणे इथे चालत नाही. तंतू मऊ गरात खोल गेलेले असतात. सुट्या बेदाण्यांत एक-दोन मणी खराब दिसले तर ते आणि त्यांना चिकटलेले शेजारी काढून बाकीचे नीट तपासता येतात. दाबलेला खजूर किंवा एकमेकांना चिकटलेली अंजिरे असतील तर अख्खे पाकीट टाकणेच बरे. दोनशे-तीनशे रुपयांसाठी घासाघीस करण्याची ही जागा नव्हे, आणि दुकानदाराकडे परत नेताना पाकीट उघडून नाकाशी धरायचेही कारण नाही. बीजाणू दम्याच्या रुग्णाला त्रास देतात.

नुसती साखर असेल तर बेदाणे चाळणीत ठेवून मिनिट-दोन मिनिटे वाफ द्यावी, पंचावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत आणि आठवड्याभरात संपवावेत. वाफेचे पाणी साठवणीच्या मालात परत घालायचे नसते. अंजिरे रात्री भिजत घातली तर खडे आपोआप जातात. साखर धरलेला खजूर लाडवात किंवा चटणीत जातो, तिथे रवाळपणा कळतही नाही. उरलेला माल हवाबंद डब्यात, लहान लहान भागांत, फ्रिजमध्ये ठेवावा. ओलसर किमियाला तर फ्रिजला पर्याय नाही. त्याचा डबा दुकानात उन्हाळ्यात उघड्या फळीवर मांडलेला दिसला, तर त्यावर पांढरे काही असो वा नसो, दुसरीकडे बघावे.